कुत्री अडली तर आधी वाट तपासा: ऑक्सिटोसिन कधी चालतं आणि सिझेरियन कधी लागतं

कोकणात कुत्री अडल्याचा फोन बहुतेक वेळा रात्री येतो आणि त्यातलं दुसरं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "डॉक्टर, कळांचं इंजेक्शन इथे मिळेल, देऊ का?" गावात गाईम्हशींसाठी ऑक्सिटोसिन माहीत असतं, ते कळा आणतं हेही माहीत असतं. त्यामुळे पिल्लू येत नाही म्हणजे कळा कमी पडल्या, असं गृहीत धरून एक आख्खी ॲम्प्यूल टोचली जाते. वाट मोकळी असेल तर कधी कधी निभावतं. वाट बंद असेल तर त्याच इंजेक्शनने गर्भाशय आवळून धरलं जातं, वारेला रक्त मिळेनासं होतं, आतली पिल्लं गुदमरतात आणि क्वचित गर्भाशय फाटतंही. म्हणून या लेखात एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे: पिल्लू अडकलंय की कळा थकल्यात? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

लेख कुत्री पाळणाऱ्यांसाठी आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या आमच्या तरुण सहकाऱ्यांसाठीही. औषधांचे डोस दिले आहेत ते दवाखान्यात वापरण्यासाठी. घरच्या माणसांनी ते वाचावेत ते एवढ्यासाठी, की कोणी पूर्ण ॲम्प्यूल भरायला लागला तर त्याला थांबवता यावं.

वेण्याआधीच्या आठवड्यात

कुत्रीचे दिवस साधारण ६३ धरतात, पण ते बीज सुटल्यापासूनचे. कुत्रा लावल्याच्या तारखेपासून मोजलं तर ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत कधीही विणं होऊ शकतं, कारण वीर्य कुत्रीच्या शरीरात बरेच दिवस टिकतं. त्यामुळे "६३ झाले, अजून व्यायली नाही" म्हणून घाबरायचं कारण नाही. ७० दिवस उलटले आणि काहीच हालचाल नाही, तर मात्र तपासून घ्या.

५५ दिवसांनंतर पिल्लांची हाडं एक्स-रेवर स्पष्ट दिसतात. तेव्हा एक एक्स-रे काढून घ्या, कवट्या आणि कणे मोजून आकडा लिहून ठेवा. इतकं स्वस्तात इतकं उपयोगी दुसरं काही नाही. मध्यरात्री तीन पिल्लं झाली आणि कळा थांबल्या, तर ती मोकळी झाली की तिघं आत अडकली आहेत हे पोट चाचपून खात्रीने सांगता येत नाही. सोनोग्राफीत पिल्लांची हृदयं दिसतात, पण आकडा मोजायला ती तितकी भरवशाची नाही. एकच पिल्लू दिसलं तर आधीच सावध व्हा. एकटं पिल्लू पोटात जास्त वाढतं, शिवाय कळा सुरू करण्याचा इशारा त्याच्याकडून पुरेसा जात नाही. अशा कुत्रीला वाट अरुंद आणि कळा कमी, या दोन्ही अडचणी एकदम येऊ शकतात.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप लिहा. नेहमीचा आकडा १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो ९९ च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासच टिकते, म्हणून दिवसातून एकदाच मोजलं तर ती निसटते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत याला खास महत्त्व आहे. उकाड्यात पोटुशी कुत्री तशीही दिवसभर धापा टाकते, पडवीतली थंड फरशी उकरते आणि जेवण सोडते. विण्याची लक्षणंही हीच. फरक थर्मामीटर सांगतो.

आणखी एक. गाभण असताना कॅल्शियमचं सिरप किंवा गोळ्या देऊ नका. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि नेमकी कळांच्या वेळी किंवा दूध सुरू झाल्यावर कुत्री कमी पडते.

सरळ बाळंतपण कसं दिसतं

पहिल्या टप्प्यात बाहेरून कळ दिसत नाही. गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. कुत्री अस्वस्थ असते, कोपरे शोधते, गोणपाट फाडते, थरथरते, कधी ओकते. हे सहा ते बारा तास चालतं. पहिलटकरणीत चोवीस तासही लागू शकतात. या काळात तिला अंधाऱ्या, ओळखीच्या जागी सोडा. शेजारची मुलं बघायला जमली की कळा थांबतात, हे खरं आहे.

दुसऱ्या टप्प्यात पोट आवळताना दिसतं, ती जोर करते. जोर सुरू झाल्यापासून पहिलं पिल्लू बहुधा तासा-दोन तासांत येतं. नंतर दर अर्ध्या ते एका तासाने एक, मध्ये कधी विश्रांती. डोक्याकडून आलेलं पिल्लू सरळ, आणि मागचे पाय पुढे करून आलेलंही सरळच; कुत्रीत बरीचशी पिल्लं अशी पायाळू येतात आणि सुखरूप येतात. अडचण होते ती नुसतं शेपूट आणि ढुंगण पुढे, पाय पोटाखाली दुमडलेले असतील तेव्हा, किंवा मान वळून डोकं बाजूला किंवा छातीवर गेलं असेल तेव्हा. प्रत्येक पिल्लामागे पाच ते पंधरा मिनिटांत वार पडते. कधी दोन पिल्लांच्या वारा एकदम पडतात.

स्रावाचा रंग लक्षात ठेवा. पहिल्या पिल्लानंतर पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शेवाळासारखा गडद हिरवा स्राव येतो. तो कुत्रीच्या वारेतल्या रंगद्रव्याचा असतो आणि त्यात काही वावगं नाही. पण तोच हिरवा रंग एकही पिल्लू आलेलं नसताना दिसला, तर एक तरी वार सुटली आहे आणि त्या पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे. लगेच पिल्लू आलं तर ठीक. नाही आलं तर वाट बघत बसू नका.

घड्याळ लावून बघायच्या खुणा

पुढच्यापैकी एकही गोष्ट घडली तर दवाखान्याला फोन करा आणि गाडी काढा:

- जोरदार, सलग कळा अर्धा तास चालू आहेत आणि पिल्लू नाही.
- पाण्याची पिशवी किंवा पिल्लाचा भाग दिसतो आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरकत नाही.
- आत पिल्लं आहेत हे माहीत आहे आणि मागच्या पिल्लाला दोन तास झाले.
- पिल्लू येण्याआधी हिरवा स्राव. किंवा केव्हाही भरपूर ताजं रक्त किंवा घाण वास.
- ताप ९९ च्या खाली जाऊन चोवीस तास झाले, तरी कळा नाहीत.
- कुत्री गळून पडली आहे, झटके देते आहे किंवा ताप १०३ च्या वर गेला आहे.

या वेळा दवाखाना जवळ असलेल्यांसाठी आहेत. आपल्याकडे रस्त्याचा वेळ यातून वजा करावा लागतो. दापोलीकडून धोपाव्याला, किंवा जयगडहून तवसाळला यायचं तर जंगलजेटी रात्री बंद झाल्यावर खाडीला वळसा घालण्यात तास जातात. पावसाळ्यात घाटात दरड आली तर कोल्हापूरचा भरवसा नाही. म्हणून शस्त्रक्रिया नेमकी कुठे होते, रात्री तिथे कोण असतं आणि भूल देण्याची सोय आहे का, हे फोन करून आठवडाभर आधी विचारून ठेवा. ज्या गावाहून दवाखाना दोन तासांवर आहे तिथे "मागच्या पिल्लाला दोन तास झाले" याची वाट न बघता तासाभराने फोन करा. बुलडॉग, पग अशा चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लाचं डोकं मोठं आणि आईचं कटिर, म्हणजे कंबरेच्या हाडांचं कडं, अरुंद असतं. त्यांची तारीख आधी ठरवून सिझेरियन करणंच शहाणपणाचं. कधी काळी गाडीखाली सापडून कंबरेचं हाड मोडलेल्या कुत्रीचंही तसंच.

घरी काय करायचं, काय नाही

पिल्लू बाहेर दिसत असेल तरच हात लावा. साबणाने हात धुवा, नखं कापलेली असावीत, वंगणाची जेली लावा. ती नसेल तर स्वच्छ खोबरेल. सुती कापडाने पिल्लाला खांद्यामागे किंवा कमरेवर धरा. नुसत्या पायाला किंवा डोक्याला धरून ओढलं तर सांधा निखळतो. कुत्री जोर करेल तेव्हाच, मागे आणि खाली, म्हणजे तिच्या टाचांच्या दिशेने हलकेच ओढा. सरळ मागे ओढलं तर पिल्लू कटिराच्या हाडावर अडतं. डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवत आणलं तर खांदे एकेक करून सुटतात. चार-पाच कळांत हललं नाही तर थांबा आणि निघा.

आत बोट घालून शोधू नका. चिमटा, सुरी, काहीही आत नको. आणि ऑक्सिटोसिन नको, कोणी कितीही अनुभवी म्हणून सांगितलं तरी. घरी तपासता न येणाऱ्या चार गोष्टींवर ते अवलंबून आहे, त्या पुढे येतीलच.

निघताना झालेली पिल्लं सोबत घ्या. खोक्यात, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. ती आईला लुचत राहिली तर तिच्याच शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं.

दवाखान्यात: इंजेक्शनच्या आधीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न वाटेचा. हातमोजा, जेली, एक बोट. कटिराची जागा पुरेशी आहे का, वाटेत काही आहे का, असलं तर नाक आहे, पाय आहेत की नुसतं शेपूट? बोटाने योनीच्या वरच्या भिंतीवर दाबून पुढून मागे ओढलं की निरोगी कुत्री लगेच जोर करते. या प्रतिक्रियेवरून कळांची ताकद कळते. बोट दाबलं तरी कुत्री स्वस्थ पडून राहिली तर गर्भाशय थकलेलं आहे. मोठ्या कुत्रीत बोट गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचत नाही, ही या तपासणीची मर्यादा कायम ध्यानात ठेवायची.

दुसरा प्रश्न पिल्लांच्या जिवाचा. सोनोग्राफीत किंवा डॉप्लरवर प्रत्येक पिल्लाचे ठोके मोजा. मिनिटाला १८० च्या वर असतील तर पिल्लू बरं आहे. १८० च्या खाली ताण सुरू झाला. १५० ते १६० च्या खाली राहिले तर औषधांचे प्रयोग करायला वेळ उरलेला नाही, लगेच सिझेरियन. एकदा मोजून भागत नाही. पोट आवळताना ठोके क्षणभर कमी होतात, म्हणून मिनिटाभराने पुन्हा बघा.

तिसरा प्रश्न आकड्याचा. आत किती उरलीत? एकदोनच उरली आणि वाट मोकळी असेल तर औषधाने प्रयत्न करण्यात अर्थ आहे. पाच-सहा उरली असतील आणि कुत्री दमलेली असेल तर शेवटच्या पिल्लापर्यंत औषध पुरणार नाही.

चौथा प्रश्न कुत्रीचा. ताप, नाडी, हिरड्यांचा रंग, ग्लुकोमीटरवर साखर. रात्रभर उपाशी जोर करणाऱ्या लहान जातीत साखर घसरलेली सापडते. तसं असेल तर आधी सलाईनमधून ग्लुकोज.

वाट मोकळी आणि पिल्लू मावणारं, सरळ; ठोके चांगले; उरलेली पिल्लं थोडी; कुत्री धडधाकट. चारही उत्तरं अशी आली तरच ऑक्सिटोसिन. एकही उत्तर वेगळं असेल तर नाही. गर्भाशयाचं तोंड उघडलंच नसेल तर तर मुळीच नाही.

डोस

कळांना ताकद कॅल्शियमने येते, आणि त्या किती लवकर लवकर येतात ते ऑक्सिटोसिन ठरवतं. म्हणून क्रम कॅल्शियम आधी, ऑक्सिटोसिन नंतर असा. बऱ्याच कुत्र्या नुसत्या कॅल्शियमवर पुन्हा कळा घेऊ लागतात. १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, दर पाच किलो वजनाला सुमारे एक मिली, सलाईनमध्ये पातळ करून कातडीखाली, दोन-तीन जागी वाटून. शिरेतून द्यायचं तर अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत, आणि ठोके मंदावले की थांबायचं. गोठ्यासाठी ठेवलेली गाईची कॅल्शियमची बाटली कुत्रीला वापरू नका. ती जास्त तीव्र असते आणि तिच्यात बाकीचे क्षारही असतात.

ऑक्सिटोसिनचा सुरुवातीचा डोस अर्धा ते दोन युनिट, संपूर्ण कुत्रीला, किलोमागे नव्हे. कमाल चार युनिट एका वेळेला. स्नायूत किंवा कातडीखाली. मधे तीस ते चाळीस मिनिटं, आणि दोन किंवा फार तर तीन वेळा. जुन्या वहीत दहा-वीस युनिटांचे डोस लिहिलेले आढळतात. तेवढ्याने गर्भाशय लाटेसारखं आकुंचन पावत नाही, ते सलग आवळून राहतं.

मोजताना घोळ होतो तो असा. बाजारातल्या बऱ्याच ॲम्प्यूलमध्ये एक मिलीत पाच युनिट असतात, म्हणजे एक युनिट ०.२ मिली. एवढं मोजायला इन्सुलिनची सिरिंज सोयीची, पण तिच्यावरची खूण इन्सुलिनच्या युनिटची आहे. ४० च्या सिरिंजवर ०.२ मिली म्हणजे ८ आकड्याची खूण, १०० च्या सिरिंजवर २० आकड्याची. मिलीत हिशोब करा, मगच भरा, आणि प्रत्येक वेळी ॲम्प्यूलवरचं लेबल वाचा.

साठवणूकही बघा. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. आपल्याकडे वादळात दोन-दोन दिवस वीज जाते. उष्णतेने त्याचा दम निघून जातो, आणि मग "इंजेक्शन दिलं, लागू पडलं नाही" या भ्रमात दुसरी, तिसरी ॲम्प्यूल फोडली जाते.

एक रात्र, सविस्तर

गुहागर तालुक्यातली लॅब्राडॉर, नाव राणी, वय चार, वजन २६ किलो, दुसरं वेत. ५८ व्या दिवशी चिपळूणला काढलेल्या एक्स-रेवर सहा पिल्लं. मालकीण, आम्ही त्यांना काकी म्हणतो, कॅलेंडरच्या मागे वेळा लिहीत बसल्या होत्या: पहिलं ११.४० ला, दुसरं १२.२५, तिसरं १.१०. मग कळा मंदावल्या. तीन वाजता फोन आला. "पोट अजून मोठं आहे, पण ही जोरच करत नाही. नुसती पडून आहे."

वेळा समोर होत्या म्हणून निर्णय सोपा होता. तीन आत, दोन तास होत आलेले, रस्ता सव्वा तासाचा. निघायला सांगितलं.

पावणेपाचला राणी टेबलावर होती. ताप १००.८, हिरड्या गुलाबी, साखर ६४. बोटाने तपासलं: वाट रिकामी, हाडं प्रशस्त, वरची भिंत दाबली तरी प्रतिक्रिया जवळजवळ नाही. सोनोग्राफीत तिन्ही हृदयं चालू, ठोके २१०, २०० आणि १९०. म्हणजे अडथळा सापडत नव्हता आणि गर्भाशय थकलेलं होतं. औषधाची जागा हीच.

शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, पाच मिली कॅल्शियम ग्लुकोनेट पातळ करून कातडीखाली दिलं. झालेली तिन्ही पिल्लं तिच्याजवळ सोडली. वीस मिनिटांनी वरची भिंत दाबल्यावर ती थोडा जोर करू लागली. साडेपाचला एक युनिट ऑक्सिटोसिन, ०.२ मिली, मांडीच्या स्नायूत. ५.५५ ला चौथं पिल्लू आलं, डोक्याकडून, रडत. काकींना वाटलं आता सुटली.

तिला अंगणात दोन फेऱ्या मारल्या. साडेसहापर्यंत काही नाही. पुन्हा बोट: पोचेल तिथवर रिकामं. ठोके १९० आणि १८५. म्हणून दुसरा डोस, दोन युनिट. दहा मिनिटांत कळा जोरात सुरू झाल्या आणि सातपर्यंत, वीस मिनिटं, पिल्लू आलं नाही.

इथे चित्र बदललं. आधी कळा नव्हत्या आणि वाट मोकळी होती. आता कळा भरपूर होत्या आणि काही हलत नव्हतं. तिसऱ्यांदा बोट घातलं तेव्हा कटिराच्या काठावर पिल्लू लागलं, पण नाक नव्हतं. हाताला दोन कान आणि मानेचा मागचा भाग लागला. डोकं छातीकडे मुडपलेलं, म्हणजे डोक्याची सगळ्यात रुंद बाजू पुढे. दोन कळांच्या मध्ये पिल्लाला थोडं आत सारून हनुवटीखाली बोट घालून वर आणायचा प्रयत्न केला. एकदा जबड्याला बोट लागलं, पण पुढच्या कळेने ते निसटलं. पाच मिनिटांत थांबलो. सोनोग्राफीत त्या पिल्लाचे ठोके १५०, मिनिटाभराने पुन्हा मोजले तरी तेवढेच. दुसऱ्याचे १८०.

"अजून एक इंजेक्शन देऊन बघायचं का?" काकींनी विचारलं. नाही. वाटेवर अडकलेल्या पिल्लाला मागून जितक्या जोराने ढकलाल तितकी त्याची मान आणखी मुडपते, आणि मागच्या पिल्लाची वारही सुटायला लागते. दीड तासापूर्वी जे औषध बरोबर होतं तेच आता या दोघांना मारणारं ठरलं असतं.

साडेसातला सिझेरियन. अडकलेलं पिल्लू काढलं तेव्हा हृदय मंद चालू होतं. बरीच खटपट केली, पण त्याने श्वास धरला नाही. दुसरं चांगलं निघालं. पाच पिल्लं आणि राणी, दुपारी घरी गेली.

पाचवं पिल्लू साडेसहाला कळलं असतं का? लॅब्राडॉरच्या वाटेत बोट जिथवर पोचतं त्याच्या पुढे ते होतं. कळांनी खाली आणल्यावरच ते हाताला लागलं. म्हणूनच प्रत्येक डोसनंतर घड्याळ लावायचं, आणि जोरदार कळा येऊन वीस-तीस मिनिटांत पिल्लू आलं नाही की पुन्हा तपासायचं.

सिझेरियन ठरल्यावर

अडलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिकांना शेवटी शस्त्रक्रिया लागते, हे मालकाला सुरुवातीलाच सांगून ठेवावं. औषध देताना शस्त्रक्रियेची तयारी बाजूला मांडलेली असावी. अडकलेलं मोठं पिल्लू, न सुटणारी आडवी किंवा मुडपलेली मांडणी, अरुंद कटिर, पीळ पडलेलं किंवा फाटलेलं गर्भाशय, आत कुजलेलं पिल्लू, ठोके १५०-१६० च्या खाली, आणि दोन-तीन डोसनंतरही प्रतिसाद न देणारं गर्भाशय. यांत पुढे थांबण्याने काही मिळत नाही.

भुलीबद्दल एक आग्रहाची सूचना. लहान दवाखान्यांत हाताशी असतं ते झायलाझिन आणि केटामीन. झायलाझिन वारेतून पिल्लात जातं, श्वास आणि हृदय मंद करतं, आणि त्याने जास्त पिल्लं दगावतात. प्रोपोफॉलने झोपवून आयसोफ्लुरेनवर ठेवणं चांगलं. ते यंत्र नसेल तर प्रोपोफॉलचा लहान डोस आणि कण्यात किंवा टाक्याच्या रेषेवर लिग्नोकेन. केस कापणं, धुणं, सलाईन, प्राणवायू हे सगळं भूल देण्याआधी उरका. पिल्लाला औषध पोचायच्या आत ते बाहेर यायला हवं.

पिल्लं घ्यायला दोन मदतनीस ठेवा. तोंड-नाक रबरी फुग्याने ओढून साफ करायचं, कोरड्या टॉवेलने पाठ जोरात चोळायची, ऊब द्यायची. पिल्लाला उलटं धरून झटकू नका. त्याने मेंदूला इजा होते. सगळी पिल्लं बाहेर आल्यावर मात्र आईला एक ते चार युनिट ऑक्सिटोसिन देणं योग्य आहे. आता अडवायला काही उरलेलं नसतं, आणि आकुंचनाने रक्तस्राव थांबतो. पुन्हा वेत नको असेल तर त्याच वेळी गर्भाशय काढता येतं. दूध त्याने आटत नाही.

घरी गेल्यावर

आई पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पिल्लं तिच्याजवळ एकटी सोडू नका. गुंगीत ती त्यांच्यावर लोळते. शुद्धीत आली की प्रत्येकाला स्तनाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक चुकता कामा नये. टाके आठवडाभर रोज बघा, पावसाळ्यात अंथरूण ओलं राहिलं तर ते लवकर पिकतात.

हिरवट-तपकिरी स्राव कमी होत होत तीन आठवड्यांपर्यंत चालू शकतो. त्याला घाण वास आला, ताप १०३ च्या वर गेला किंवा आईने जेवण आणि पिल्लं दोन्ही टाकली, तर गर्भाशयात संसर्ग आहे असं समजून त्याच दिवशी आणा. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, दूध भरात असताना, अंग ताठणं, थरथर, अडखळत चालणं दिसलं तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि थेट दवाखान्यात या. तेव्हा कॅल्शियम शिरेतून लागतं, आणि ते तासाभराच्या आत मिळायला हवं.